ज्येष्ठातला मुहूर्त

गुरुजींनी मदत केली. हे आधी लिहितो, काय झालं ते मग सांगतो. लग्नाची गोष्ट निघाली की माणसं मांडव कसा होता विचारतात, पंगती किती उठल्या विचारतात. मुहूर्त कुणी काढला, हे कुणी विचारत नाही. आणि आमच्या घरातलं ते लग्न मुहूर्तावरच अडलं होतं, मुहूर्तानंच सुटलं.

गुरुजी म्हणजे देवळाली प्रवऱ्याचे भिक्षुक. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची लग्नं, वास्तुशांती, सत्यनारायण त्यांच्याकडे असत. वय सत्तरीकडे झुकलेलं, डावा गुडघा आखडलेला, त्यामुळे ते पाटावर एक पाय लांब करून बसायचे आणि आलेल्या माणसाला आधी सांगायचे, "पाय तुमच्याकडे आहे, राग मानू नका." आमचं गाव तिथून कोस-दीड कोसावर. माझ्या आई-वडिलांचं लग्नसुद्धा त्यांनीच लावलेलं.

मी तेव्हा जबलपूरला होतो. वडील गेले तेव्हा सहावीत होतो. शाळा सुटली ती सुटलीच. मामा रेल्वेच्या कारखान्यात फिटर, त्यांनी मला तिकडे नेलं आणि लाकडाच्या वखारीत चिकटवून दिलं. आई आणि अक्का गावाकडे. अक्का माझ्याहून मोठी. तिचं लग्न व्हावं ही एकच गोष्ट माझ्या डोक्यात असायची, करवतीच्या आवाजातसुद्धा. दोन ठिकाणं येऊन गेली होती. पहिल्यांना शिकलेली हवी होती, दुसऱ्यांनी नुसतंच "कळवतो" म्हटलं. तिसरं ठिकाण शेवगावकडचं. घर साधं, मुलगा शांत, पत्रिका जुळली. पण मुलाच्या वडिलांनी सुपारी फोडतानाच सांगितलं होतं, "पावसाळ्याच्या आत बार उडवायचा. तुळशीच्या लग्नापत्तुर आमी थांबनार न्हाई. आमाला दुसरीकडून बी बोलावनं हाय."

ते दुष्काळाचं साल. आमच्याकडे पाटाला थोडं तरी पाणी येई, शेवगावकडे तर माणसं खडी फोडायच्या कामावर होती. लग्न मुलीच्या दारात करायचं म्हटलं तर आमच्या दारात प्यायला पाणी नव्हतं. वऱ्हाड आणून बसवायचं कुठं? गावात एकाच जागेला अजून पाण्याची विहीर होती, ती म्हणजे शाळा. म्हणून सुपारीनंतर मी वखारीतून पुन्हा थोडी रजा काढून आलो तो आधी हेडमास्तरांकडे गेलो.

हेडमास्तर भले. पण त्यांनीही हात वर केले. दुष्काळी कामावर वाटायच्या सुकडीची, भाजलेल्या गोड पिठाची, पोती शाळेच्या तिन्ही वर्गांत रचलेली होती. "पोती जूनच्या सुरुवातीला हलतील," ते म्हणाले, "आणि दुसऱ्या सोमवारी शाळा उघडेल. मधले शुक्रवार, शनिवार, रविवार तुमचे. त्याच्या अलीकडे मला जागा नाही, पलीकडे मला अधिकार नाही."

मी त्याच पावली मामांना पत्र टाकलं. मामांचं उत्तर लवकर आलं. त्यांच्या कारखान्यात रजा पाळीनं मिळायची, त्यांची पाळी नेमकी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात होती, पासही त्याच वेळेचा. बेळगावची मावशी मुलांच्या सुट्टीत येणार होती, तिलाही ते दिवस जमत होते. मला वाटलं, झालं. देवानंच सगळं एका ओळीत आणून ठेवलंय. मुहूर्त काय, गुरुजी सांगतील त्यातला एक.

आईला घेऊन मी देवळालीला गेलो ते असं निर्धास्त होऊन. चैत्र संपत आला होता. दहा वाजताच रस्त्याची धूळ पायाला चटके देत होती. आईनं पदराच्या टोकाला नारळ आणि सुपारी बांधून घेतली होती. वाटेत ती एकदाच बोलली, "गुर्जींपुढं लई बडबड करू नगं. ते इचारतील तेवढंच सांग."

मी मात्र बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. शाळा, पोती, शुक्रवार-शनिवार-रविवार, मामांची रजा, मावशीच्या मुलांची सुट्टी. गुरुजी लांब केलेल्या पायाचा गुडघा चोळत ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "म्हणजे शाळा ठरली, रजा ठरली, मावशीची गाडी ठरली. आता ग्रहांनीच तेवढा अर्ज करायचा राहिलाय."

आई पदराआड हसली. मी खाली बघितलं.

"जबलपूरला असतोस ना रे तू?" गुरुजींनी विचारलं.

"व्हय."

"म्हणजे नर्मदा. किती लांब तुझ्या खोलीपासून?"

"सायकलवर जातो की गुर्जी. ग्वारीघाट. रविवारी कपडे धुवायला."

"कपडे धुवायला!" ते आत बघून ओरडले, "ऐकलंत का, हा नर्मदेत कपडे धुतो!" आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "मग काय करेल? तुमच्यासारखं घरात बसून नुसतं नाव घेईल?" गुरुजी हसले. मग माझ्याकडे वळून जरा हळू म्हणाले, "पन्नास वर्षं झाली, रोज आंघोळीच्या तांब्यात सात नद्या बोलावतो. गोदावरी पाहिली. बाकीच्या सहा नुसत्या बोलावतोच आहे."

एवढं बोलून त्यांनी चष्मा लावला, लाल कपड्यातून पंचांग काढलं आणि मग ते वेगळेच झाले. थट्टा गेली.

अक्काची रास त्यांनी विचारली. वृषभ. मुलाची वृश्चिक. ते त्यांनी पाटीवर लिहिलं. मग म्हणाले, "बाई, या वर्षी सगळ्यांचीच अडचण आहे. शुक्र अस्ताला गेलाय. सूर्याच्या इतका जवळ की दिसत नाही. लग्नाला गुरू आणि शुक्र दोन्ही वर पाहिजेत. म्हणून चैत्र गेला, वैशाखाचाही मोठा भाग गेला. शुक्र उगवल्यावरही लगेच चालत नाही, थोडे दिवस तो बाळ असतो. मग वैशाखाच्या शेवटी दोनच मुहूर्त उरतात. अख्खा जिल्हा त्या दोन दिवसांवर तुटून पडणार आहे."

"त्या दिवसांत शाळेत पोती हायेत," मी म्हणालो.

"ऐकलं मी. आणि मामा?"

"मामांची रजा तवा न्हाई."

"मामाशिवाय मुलगी उभी करायची का बाई?"

आईनं मान हलवली. नाही. वडील नव्हते. मुलीच्या पाठीशी उभं राहायला आईचा तो एकच भाऊ होता.

गुरुजींनी पान उलटलं. बोट ओळीवरून सरकवत ते पुटपुटत होते आणि मधेच मोठ्यानं सांगत होते, आम्हाला कळावं म्हणून. "तुझा शुक्रवार. पूर्वा नक्षत्र. लग्नाला नाही चालत. शनिवार. उत्तरा, फार चांगलं नक्षत्र. पण नवमी. चतुर्थी, नवमी, चतुर्दशी या रिकाम्या तिथी, त्यांच्यावर मंगलकार्य ठेवत नाहीत. रविवार…" बोट थांबलं. "रविवारी दशमी. हस्त नक्षत्र. चंद्र कन्येत. वृषभेला पाचवा, वृश्चिकेला अकरावा. चौथा, आठवा, बारावा नको असतो, तो दोघांनाही नाही. सकाळी अकराच्या सुमाराला सिंह लग्न लागतंय. स्वच्छ आहे."

"मंग रविवारच धरू, गुर्जी."

बोट पानाच्या वरच्या टोकाला नेऊन त्यांनी महिन्याच्या नावावर ठेवलं.

"हा ज्येष्ठ आहे. मुलगा घरातला कितवा?"

"थोरला."

"आणि आपली मुलगी?"

"आमची बी थोरलीच," मी लगेच बोललो. "मी तिच्या पाठचा."

गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "मग नाही जमणार. मुलगा ज्येष्ठ, मुलगी ज्येष्ठ आणि महिना ज्येष्ठ. तीन ज्येष्ठ एकत्र आले की लग्न लावत नाहीत. दोन असले तर मध्यम, चालवून घेतात. तीन कुणी चालवत नाही. मी चालवलं तरी मुलाकडचे उपाध्ये चालवणार नाहीत, आणि मुलाचे वडील तर नाहीच."

खरं होतं ते. सुपारीच्या दिवशीच मुलाचे वडील बोलता बोलता म्हणाले होते, "थोरला हाय आमचा, ज्येष्ठात बसवायचा न्हाई." तेव्हा मी पानाचं तबक उचलत होतो. ते मी ऐकलं होतं आणि शाळा, रजा, गाडी या धांदलीत विसरलो होतो.

"आषाढात?" मी विचारलं.

"आषाढात एकादशीच्या आधी एखाददुसरा निघेल. शाळा?"

"उघडलेली असंल."

"मामा?"

"परत गेल्यालं असत्याल."

"आणि आषाढात नवी सून घरात घेत नाहीत लोक. तेही अडून बसतील. त्यानंतर देव झोपतात. मग एकदम तुळशीचं लग्न झाल्यावर."

म्हणजे संपलंच. मुलाकडचे तोवर थांबणार नव्हते. मला अक्का दिसत होती. निघताना ती दारात उभी होती आणि तिनं काही विचारलं नव्हतं. पहिली दोन ठिकाणं फिरली तेव्हाही तिनं काही विचारलं नव्हतं. मी गुरुजींना काय काय बोललो ते आता नीट आठवत नाही. काढीव मुहूर्त निघत नाही का, शांत केली तर चालणार नाही का, मास्तरांना अजून एक दिवस मागतो, सोमवारी पोरं झाडाखाली बसतील. गुरुजी ऐकत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. आईकडे बघत होते.

नारळ सोडून तिनं पुढे ठेवला होता आणि तिचा हात अजून त्या नारळावरच होता.

"बाई," गुरुजी म्हणाले, "ही तुमची पहिलीच का?"

"पयलीच की गुर्जी," मी म्हणालो. "आमी दोघंच."

"तुला नाही विचारलं." आवाज चढला नव्हता, पण मी गप्प झालो. मग ते मला म्हणाले, "मागं विहीर आहे. दोर आखूड पडतो, जोडून घ्यावा लागतो. एक कळशी भरून आण. घाई करू नकोस, पाणी तळाला गेलंय, गढूळ येईल."

मी गेलो. दोराला दोर बांधला. कळशी खाली सोडली ती बराच वेळ जातच राहिली. वर ओढली तर निम्मी चिखलाची. ती ओतून पुन्हा सोडली. मला राग आला होता. माझ्या बहिणीचं लग्न मोडायला आलंय आणि हे मला पाण्याला धाडतात, असं मनात आलं.

परत आलो तर पंचांग मिटलेलं होतं. गुरुजींचा चष्मा पाटावर उतरवून ठेवलेला. आईनं पदर तोंडावर धरला होता, आणि गुरुजींच्या पत्नी बाहेर येऊन तिच्या शेजारी बसल्या होत्या, तिच्या पाठीवर हात ठेवून.

"कळशी ठेव आणि बस," गुरुजी म्हणाले. मग आईला विचारलं, "बाई, ह्याला सांगू मी, की तुम्ही सांगता?"

"तुमीच सांगा," आई म्हणाली.

"तुझ्या अक्काच्या आधी एक मुलगा झाला होता," गुरुजी म्हणाले. "तुझ्या आजोळी. बारसं व्हायच्या आत गेला. नाव ठेवलं नव्हतं."

मी आईकडे बघितलं. तिनं पदर खाली घेतला. डोळे कोरडे होते. ती मला सांगत नव्हती, समोरच्या भिंतीला सांगावं तसं सांगत होती.

"तुजी आजी म्हनली, पयलं गेलं म्हनून कुनाम्होरं बोलू नगस. पोरीला थोरली म्हन. तुज्या बापानं बी परत कदी काडलं न्हाई. म्या बी न्हाई. तुज्या मामाला ठावं हाय. त्यानंच नेलं हुतं त्याला, टोपलीत घालून." ती थांबली. "लई केस हुते डोक्याला."

गुरुजींच्या पत्नी आत गेल्या आणि गुळाचा चहा घेऊन आल्या. मी चहा हातात धरून बसलो. इतकी वर्षं मी आईचा थोरला मुलगा म्हणून वखारीत काम करत होतो. थोरला मी नव्हतोच. वाईट वाटलं असं नाही, पण घरात एक जागा होती आणि तिथून आम्ही सगळे वळसा घालून चालत होतो, असं काहीसं वाटलं.

गुरुजी म्हणाले, "ऐक. शास्त्रात ज्येष्ठ म्हणजे पहिल्या गर्भाचं अपत्य. जगलं की नाही, हे त्यात नाही. तेव्हा तुझी बहीण ज्येष्ठ नाही, दुसरी आहे. मुलगा ज्येष्ठ, महिना ज्येष्ठ, दोनच झाले. दशमी चालते."

"खरंच चालते?" मी विचारलं.

"मी शहाण्णव कुळी लग्नं लावली आणि तेलीतांबोळ्यांची लावली. तुझ्यासाठी खोटा मुहूर्त काढणार नाही. आणि मी विचारलं ते उगाच नाही. तुझी आजी मला तुझ्या आईच्या ओटभरणाला घेऊन गेली होती. त्यानंतर बारशाचं बोलावणं आलं ते फार उशिरानं. तेव्हापासून मला शंका होती. पण ते मी बोलायचं नव्हतं. ज्याचं त्यानंच बोलायचं असतं."

मग त्यांनी पंचांग उघडून लग्नाची वेळ पक्की केली. सकाळचं सिंह लग्न पहिलं, आणि मनमाडहून येणारी गाडी उशिरा आली, मामा वेळेत पोचले नाहीत तर त्याच दिवशी गोरज, सूर्य मावळताना, गायी घरी येण्याच्या वेळेला. "लांबचा माणूस असला की एका मुहूर्तावर भिस्त ठेवायची नाही," ते म्हणाले. मावशीला आणि मामांना शुक्रवारीच निघायला लिही, असंही त्यांनी बजावलं.

आम्ही उठलो. आईनं वाकून नमस्कार केला आणि तिथंच थांबली. "गुर्जी, त्येंना सांगावं लागंल ना? शेवगावला?"

"सांगावं लागेल."

आईचा चेहरा उतरला. अनोळखी माणसांच्या बैठकीत, सोयऱ्यांपुढे तिनं ते पुन्हा काढायचं.

गुरुजी म्हणाले, "तुम्ही नाही सांगायचं. एकदा सांगितलंत तेवढं पुरे. मी जातो."

"या उन्हात? तुमचा पाय—"

"पाय एसटीत बसतोच की. तो काही चालत जाणार नाही." आणि मला, "परवा सकाळी राहुरीच्या स्टँडवर ये. तूच मला चढवायचं, तूच उतरवायचं."

राहुरीहून नगर, नगरला गाडी बदलून शेवगाव. एसटीत त्यांनी पाय मधल्या वाटेत लांब केला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "ओलांडून जा, दोष लागत नाही." पाथर्डीकडच्या बाया खडीच्या कामावर निघालेल्या, डोक्यावर पाट्या. एकीनं त्यांना विचारलं, "बाबा, पाऊस कदी?" गुरुजी म्हणाले, "पंचांगात आहे, ढगात दिसत नाही." ती म्हणाली, "मंग पंचांग पिळा की." सगळी गाडी हसली, गुरुजीही हसले.

मुलाच्या घरी त्यांना खाट टाकली. पाणी आलं, अर्धा तांब्या. त्यांनी ते सगळं न पिता निम्मं परत दिलं. मुलाचे वडील समोर घोंगडीवर बसले. मी खाटेच्या पायाशी. गुरुजींनी तारीख सांगितली. वडिलांच्या कपाळाला आठी पडली.

"ज्येष्ठात? गुर्जी, आमी बोललोवतो. पोरगा थोरला, पोरगी थोरली."

"मुलगी थोरली नाही," गुरुजी म्हणाले, आणि थोडक्यात सांगितलं. टोपली, केस, त्यातलं काही नाही. एवढंच, की आधी एक मूल होतं आणि ते बारशाआधी गेलं.

मुलाचे वडील माझ्याकडे बघून म्हणाले, "सुपारी फोडताना बोलला न्हाईत ते? शाळा गावली त्याच दिवसाला, मामाची रजा त्याच दिवसाला, आनि आता मूल बी त्याच दिवसासाटी गावलं व्हय?"

मी उठणार होतो. गुरुजींचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तिथंच राहिला. जड हात होता.

"मी त्या घरात दोन पिढ्या जातोय," ते म्हणाले. "तुम्हाला माझं पटत नसेल तर तुमच्या उपाध्यांना बोलवा. पण त्या बाईनं ही गोष्ट पंचवीस वर्षं स्वतःच्या मुलालाही सांगितली नाही. शाळेच्या तीन खोल्यांसाठी ती काढणार नाही. मुहूर्त माझा आहे. काही झालं तर बोल मला लावा."

त्यावर बोलल्या त्या मुलाच्या आई. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या हे मी तोवर बघितलंच नव्हतं. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, हातात पिठाचं सूप.

"कुनी बाई असं खोटं बोलंल व्हय?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "गेलेल्या लेकराचं? तुमाला काय कळतंय त्यातलं. धरा तारीक."

"आगं पन—"

"धरा म्हनते ना."

तारीख धरली. त्यांच्या उपाध्यांनीही संध्याकाळी येऊन पंचांग बघितलं, गुरुजींशी थोडा वाद घातला, तो सिंह लग्नाच्या घटकांवर, ज्येष्ठावर नाही. मग दोघांनी मिळून वेळ लिहिली.

परतीच्या गाडीत गुरुजी दमले होते. मी त्यांचा पाय माझ्या मांडीवर घेतला. त्यांनी नको म्हटलं नाही. नगर यायच्या आधी त्यांना झोप लागली, आणि मी खिडकीबाहेर न बघता तो पाय हलू नये म्हणून धरून बसलो.

लग्न त्या रविवारी झालं. मामांची गाडी उशिरा आली, पण आदल्या रात्रीच आली, म्हणून गोरजाची वेळ आली नाही. शाळेच्या वर्गांत सुकडीचा गोड वास अजून होता. फळ्यावर कुणी तरी शुभविवाह लिहून वर खडूनं गणपती काढला होता. हेडमास्तर स्वतः विहिरीवर उभं राहून पाणी कसं वाटायचं ते सांगत होते. मंगलाष्टकं झाली, मामांनी अक्काला धरून उभं केलं होतं.

मग होमाला बसलो. लाह्यांचं सूप माझ्या हातात. नवरीच्या ओंजळीत भावानं लाह्या घालायच्या आणि तिनं त्या अग्नीत सोडायच्या. एक झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. दर वेळी गुरुजी मंत्र म्हणत. तिसरी झाल्यावर मी सूप खाली ठेवायला लागलो.

"थांब," गुरुजी हळूच म्हणाले. "अजून एक आहे. सुपाच्या कोपऱ्यातून, तिच्या हातानं. हिला मंत्र नसतो. ही मुकी आहुती."

त्यांनी मान वळवून आईकडे बघितलं. आई मांडवाच्या खांबाजवळ मामांच्या शेजारी उभी होती. शास्त्रात ती आहुती सगळ्यांच्याच लग्नात असते, हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी गुरुजी माझ्या कानाशी म्हणाले, "त्याचं श्राद्ध नाही, तर्पण नाही, नाव नाही. पण ही तारीख त्यानं दिली. ही त्याची, असं समज."

मी सूप तिरपं धरलं. अक्कानं कोपऱ्यातून लाह्या अग्नीत सोडल्या. तिला काही माहीत नव्हतं. आईनं तिला पुढे सांगितलं, पहिल्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा. त्या वेळी मात्र मांडवात आमच्या बाजूच्या आम्हा चौघांनाच ते ठाऊक होतं. मामांनी टोपी काढून हातात घेतली होती.

अक्का आता शेवगावला सुखात आहे. दोन मुलं आहेत. तिच्या सासूबाई मला अजून "शाळावाला" म्हणतात.

गुरुजींना मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी नारळ माझ्या हातात परत ठेवला, आईनं पहिल्या दिवशी नेलेला तोच असावा. म्हणाले, "नर्मदेत सोड. माझ्या नावानं. कपडे धुवायच्या आधी." मी तो सोडला. ग्वारीघाटावर उभं राहून तो लांब जाईपर्यंत बघत राहिलो.

पण नारळ सोडणं म्हणजे गुरुजींना नदी दाखवणं नव्हे. त्यांचा पाय आता आणखी आखडलाय असं आई कळवते. वखारीत मला आता जरा बरं काम आहे, मामांची खोली मोठी आहे. राहुरीला गाडीत चढवायचं, मनमाडला बदलायची, इटारसीला पुन्हा बदलायची. शेवगावला नेलं तसंच नेईन. त्यांचा पाय माझ्या मांडीवर घेऊन बसेन. आणि घाटाच्या शेवटच्या पायरीवर त्यांना बसवून नर्मदेचं पाणी त्यांच्याच तांब्यात भरून देईन, म्हणजे त्या दिवशी तरी तिला बोलवावं लागणार नाही. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. इथं लिहून ठेवतो. मी नेणार आहे.